कमी दाबाने, पहाटे पाच ते सात

पाणीखात्याची नोटीस शेवटपर्यंत वाचणारा माणूस मी आमच्या नागरिक संघटनेबाहेर पाहिला नाही. आणि संघटनेतही ती मी वाचायचे, कारण तक्ता करायचं काम माझ्याकडे होतं. आख्खी नोटीस म्हणजे एक वाक्य. "सर्व नागरिकांना कळविण्यात येते की" इथे सुरू झालेलं वाक्य जलवाहिनीच्या गळतीतून, कुठल्या टाकीला जोडलेल्या कुठल्या कॉलन्यांतून, "व त्यालगतचा परिसर" असल्या आडबाजूंनी फिरत फिरत पार खाली गेल्यावर म्हणायचं, "पाणीपुरवठा होणार नाही." पाणी येणार की नाही हे कळायला माणसाने उभ्या उभ्या वीस ओळी वाचायच्या. ज्याच्या घरात घागर रिकामी आहे त्याने हे का वाचावं, असा माझा तेव्हा सवाल होता. आजही आहे.

मोबाईलला नुकते कॅमेरे आले होते ती वर्षं. मंगळवार पेठेत सायकलच्या दुकानावर आमची खोली होती. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, पत्रकांचे गठ्ठे आणि खिळखिळ्या खुर्च्या. मी कॉलेज संपवून पूर्णवेळ तिथेच पडीक असायचे. पत्रकं लिहायची, वाटायची, भांडायचं. घरचे म्हणायचे हिला कामाला लावा. मी म्हणायचे, मी कामच करतेय.

नोटीस विभागीय कार्यालयातल्या काचेच्या फलकात लागायची, बंदच्या एक-दोन दिवस आधी. पेपरात यायची ती बहुधा ज्या दिवशी पाणी बंद त्याच सकाळी, आतल्या पानावर. म्हणून आम्ही फलकाचा फोटो काढून आणायचो. एका फोटोत सगळं मावलं तर अक्षरं मुंगीएवढी होतात, म्हणून वरचा, मधला आणि खालचा भाग असे तीन काढायचे, आणि प्रत्येकात आधीच्याच्या एक-दोन ओळी पुन्हा आल्या पाहिजेत. नाहीतर मधली ओळ गळते आणि त्या ओळीत एखादी आख्खी गल्ली असते.

मग तक्ता. पहिला रकाना भाग. दुसरा, पाणी पूर्ण बंद कधी. तिसरा, कमी दाबाने कधी. चौथा, नेहमीसारखं कधीपासून. नोटिशीत भाग टाकीप्रमाणे असतात. खात्याला टाकी माहीत, लोकांना आपली गल्ली माहीत. म्हणून मी टाक्या मोडून नावं वर्णक्रमाने लावायचे. टाकीचं नाव कंसात. "व परिसर" जिथे असेल तिथे तसंच ठेवायचं, आपल्या मनाने परिसरात कोण येतं ते ठरवायचं नाही. हा नियम सरांचा. सर म्हणजे आमच्या संघटनेचे अध्यक्ष, एका शाळेतून निवृत्त झालेले. माणूस हळू बोलायचा आणि ऐकायचा कुणाचंच नाही.

"फोटोत आहे ते तक्त्यात. फोटोत नाही ते तक्त्यात नाही," सर म्हणायचे. "आपल्याला चिडायचं असेल तर पत्रक आहे की वेगळं."

तक्ता झाला की ते स्क्रीनवरच्या फोटोतून एकेक नाव मोठ्याने वाचायचे आणि मी छापलेल्या कागदावर खूण करायची. नोटिशीतली नावं आणि तक्त्यातल्या ओळी जुळल्याशिवाय झेरॉक्सला जायचं नाही.

ही गोष्ट घडली तेव्हा उन्हाळा होता. शनिवारी संध्याकाळी मी फोटो काढून आणले. मुख्य वाहिनीचं काम, सोमवारी दिवसभर बंद, मंगळवारी कमी दाबाने. खालचा फोटो उघडला तर फलकाच्या काचेवर ट्यूबलाईट नेमकी शेवटच्या दोन ओळींवर पसरलेली. "मंगळवारी" नंतर पांढरा पट्टा, आणि पुढे "या वेळेत अपुरा व कमी दाबाने होईल". वेळ उडालेली.

तेवढ्यात जिन्यावरून मावशी आल्या.

मावशी टेकावरच्या वस्तीतल्या. वस्ती आमच्या बौद्ध समाजाची. माझं आजोळ तिथलंच, म्हणून त्या मला पोरी म्हणायच्या. माहेर कोडोलीचं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी सासरी. एका खाजगी प्रसूतिगृहाच्या चादरी आणि दुपटी धुवायचं काम त्यांच्याकडे होतं. संध्याकाळी गठ्ठा आणायचा, रात्री साबणात आणि ब्लीचिंगच्या पाण्यात भिजत घालायचा, पहाटे चावीवर पाणी आलं की खळबळून दोरीवर. आमच्याकडे सार्वजनिक नळाला चावीच म्हणतात. वस्तीच्या तोंडाशी एकच चावी, आणि ती त्या लाइनीच्या अगदी शेवटी. पाइप खालच्या कॉलनीतून चढून वर येतो, उरलंसुरलं आमच्याकडे.

"पोरी, तुझा तो कागद झाला का?"

"होतोय मावशी. बसा."

"बसाय येळ न्हाय. सिस्टरबाईनं इचारलंय, सोमवारचा गठ्ठा नेणार का न्हाय. खाटा भरल्यात. न्हाय म्हणलं तर लॉन्ड्रीवाला बसलाय दारात. त्याच्याकडं मशीन हाय म्हणं. मशीनला काय, आपोआप धुतंय, आपोआप वाळतंय. मी काय आपोआप वाळतो व्हय?"

मी हसले. सर हसले नाहीत. ते स्क्रीनच्या अगदी जवळ नाक नेऊन पांढऱ्या पट्ट्यात काही दिसतंय का पाहत होते.

"मंगळवारी पाणी आहे," मी म्हटलं. "पण कमी."

"कमी म्हंजी येणार का न्हाय?"

"येणार. वेळ दिसत नाहीय फोटोत."

"येळच न्हाय तर मग काय. रातभर भिजवून ठिवायचं आन सकाळी आलंच न्हाय तर? साबणातनं काढता यायचं न्हाय, ठिवताबी यायचं न्हाय. बाळंतिणीची दुपटी हाईत, पोरी. वास आला की गेलं काम."

तेवढीच गोष्ट होती. मंगळवारी सकाळी पाणी आलं तर मावशींचं काम राहणार, न आलं तर लॉन्ड्रीवाल्याकडे जाणार. त्यांनी ती काही रडून सांगितली नाही. पदराने कपाळ पुसलं आणि खुर्चीच्या कडेला टेकल्या, बसायला वेळ नाही म्हणूनसुद्धा.

सर म्हणाले, "वेळेच्या जागी 'अस्पष्ट' लिहू. 'मूळ फलक पाहावा'. अंदाज नको."

मला चीड आली. मूळ फलक पाहावा. म्हणजे पुन्हा त्याच काचेसमोर जाऊन उभं राहा. मग आम्ही कशासाठी आहोत? मी म्हटलं, "अंदाज नको तर जाऊन बघते." आणि लुना काढली.

कार्यालय बंद झालेलं. सरकत्या जाळीच्या दारामागे वॉचमन डबा खात होता. आत फलक दिसत होता, पण अक्षरं नाही.

"पावणं, जरा तेवढी नोटीस वाचून दाखवता का? शेवटच्या दोन ओळी."

"हापिस सोमवारी उघडतंय."

"सोमवारी पाणी बंद आहे. सोमवारी वाचून काय करू?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. "माझ्या घरात पण न्हाय येणार का मग?"

"कुठं राहता?"

त्याने सांगितलं. त्याचा भाग यादीत होता. मी सांगितलं. त्याने हात धुतला, चष्मा लावला आणि फलकासमोर उभा राहून शाळेत कविता म्हणावी तसा मोठ्याने वाचू लागला. "मंगळवारी पहाटे पाच ते सात या वेळेत अपुरा व कमी दाबाने होईल याची नोंद घ्यावी." मी म्हटलं पुन्हा वाचा. त्याने पुन्हा वाचलं. मी हातावर लिहून घेतलं. तो म्हणाला, "रोज हिथंच बसतोय, पर वाचलं न्हवतं कधी."

परत आले तेव्हा मावशी तशाच टेकून होत्या. सरांनी हातावरचं पाहून विचारलं, "कुणी वाचलं?" मी सांगितलं. "दोनदा?" "दोनदा." मग त्यांनी मान हलवली आणि तिसऱ्या रकान्यात मी टंकलं: मंगळवार, पहाटे ५ ते ७. मावशींच्या भागाच्या ओळीतही तेच, कारण नोटिशीत त्या टाकीच्या सगळ्या भागांना एकच वेळ होती. खाली तळटीप: मूळ नोटीस विभागीय कार्यालयाच्या फलकावर.

इतका सुंदर तक्ता मी तोवर केला नव्हता. खरं सांगते. एका पानावर आख्खी नोटीस. कुणीही यावं, आपल्या गल्लीवर बोट ठेवावं, बोट उजवीकडे न्यावं, संपलं.

पहिली झेरॉक्स मावशींनी नेली. कागद घडी न घालता दोन्ही हातांत धरून, ओला फोटो नेतात तशी. दुसऱ्या दिवशी कळलं, त्यांनी तो सिस्टरबाईंना नेऊन दाखवला होता. "लेखी हाय म्हणलं. पाच ते सात. सिस्टरबाईनं वाचलं आन म्हणली, बरं, न्या."

रविवारी आम्ही तक्ता वाटला. वस्तीत विहाराच्या भिंतीवर एक, पेठेत पानपट्ट्यांवर, दूध डेअरीवर. खालच्या कॉलनीत पेपर टाकणाऱ्याला गठ्ठा दिला, त्याने घरटी पेपरात घातला. सगळ्यांना सारखी माहिती, हे आमचं म्हणणं होतं. पत्रकात मी ते लिहिलंही होतं, जाड टाइपात.

मंगळवारी पहाटे मी वस्तीत गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. मोबाईल आणि तक्त्याची एक झेरॉक्स घेऊन गेले होते. चावीवर लोक पाणी भरतायत, मागे विहाराच्या भिंतीवर आपला तक्ता, असा फोटो काढायचा होता पुढच्या पत्रकासाठी.

चावीवर घागरींची रांग लागलेली. मावशींनी दोन पिंपं ओढून आणलेली, त्यात चादरी. ब्लीचिंगचा वास सगळ्या बोळात. रात्री घरात साठवलेलं सगळं पाणी त्यांनी भिजवण्यात घातलं होतं. प्यायची एक कळशी तेवढी बाजूला.

पाचला चावी खोकली. आधी हवा आली, मग तांबूस पाण्याची करंगळीएवढी धार. पहिल्या बाईची घागर निम्मी झाली आणि धार दोऱ्यासारखी बारीक झाली. मग थेंब. मग पुन्हा हवा, आत कुठेतरी फुसफुसणारी.

"यील," कुणीतरी म्हणालं. "कमी दाबानं म्हणलंय की."

आम्ही वाट पाहत उभे राहिलो. पहाटे टेकावर गाव शांत असतं, खालून एखादं कुत्रं, दुधाच्या किटल्या. त्या दिवशी खालून एकच आवाज येत होता. बारीक, सलग, गुणगुणल्यासारखा. मला आधी कळेना. मावशींना लगेच कळलं.

"मोटारी चालू झाल्या," त्या म्हणाल्या.

खालच्या कॉलनीत जवळजवळ प्रत्येक घरी नळाच्या लाइनीला थेट मोटार. कायद्याने गुन्हा आहे. सगळ्यांना ठाऊक आहे. मोटार लावली की पाइपातलं पाणी ती आपल्याकडे ओढते आणि पुढच्या माणसाला हवा मिळते. पण एरवी त्या लाइनीला पाणी भल्या पहाटे, दोन-चारच्या दरम्यान कधीतरी यायचं. कॉलनी झोपेत असायची, थोड्याच मोटारी चालायच्या, म्हणून वर पोहोचायचं. वस्तीतल्या बायका त्या वेळेला जाग्या राहूनच पाणी भरायच्या. आज वेळ सगळ्यांना माहीत होती.

मी पळत खाली गेले. पहिल्याच बंगल्याच्या फाटकात एक गृहस्थ बनियनवर उभे होते, पाइपने तुळशीच्या कुंड्यांना पाणी घालत. मागे मोटार चालू.

"काका, मोटार बंद करा. वर थेंब येत नाहीय."

"कुठं वर?"

"वस्तीत. शेवटची चावी आहे लाइनीची."

"अरेरे," ते म्हणाले, आणि खरंच वाईट वाटल्यासारखे म्हणाले. मग माझ्या हातातल्या झेरॉक्सकडे त्यांचं लक्ष गेलं. "तुम्ही त्या कागदवाल्या का? फार छान काम करताय हो. आमच्या मंडळींनी फ्रीजला लावलाय. नाहीतर ते कधी पाणी सोडतात, कधी बंद करतात, आम्हाला काही पत्ताच नसायचा. नेहमी काढत जा."

"लाइनीला मोटार लावणं गुन्हा आहे."

"मान्य. पण मी एकट्याने बंद केली तर माझं पाणी शेजारचा ओढणार. वर कुठं जाणार आहे? तुम्हीच सांगा."

ते खोटं बोलत नव्हते. मी शेजारच्या फाटकात गेले, त्याच्या शेजारच्या. कुणी दार उघडलं नाही, कुणी म्हणालं सात वाजता बंद करतो. एक बाई म्हणाल्या, "अगं, पाच ते सातच आहे ना? मग आत्ताच भरणार ना आम्ही," आणि कागदावर बोट ठेवून मला दाखवलं. माझाच तिसरा रकाना मला दाखवला.

कोपऱ्यावर व्हॉल्व्हवाले मामा सायकल टेकवून उभे होते. पाणीखात्याचे, लांब लोखंडी किल्ली खांद्यावर.

"मामा, कायतरी करा की."

"काय करू? व्हॉल्व उघडाय सांगितलं, उघडला. मोटारी बंद करायची किल्ली दिली न्हाय मला."

"मोटारी उचलणारं पथक बोलवा."

"ताई, पथक येस्तोवर सात वाजतील. आन आलं तरी आधी कुणाच्या घरात शिरंल? आत कोण राहतंय त्यावर हाय ते." त्यांनी किल्ली दुसऱ्या खांद्यावर घेतली. "एरवी बरं असतंय. कुणाला येळच ठावं नसतीया."

मी पुन्हा वर चढले. त्या गृहस्थांनी मागून हाक मारून दोन बादल्या पाणी दिलं. एक माझ्या हातात, एक त्यांच्या गड्याने आणून ठेवली. वाईट माणूस नव्हता. मला ते लिहायला आवडत नाही, पण नव्हता.

दोन बादल्यांत एक चादर खळबळली. पाणी साबणाने पांढरं झालं, चादरीतून फेस संपेना. मावशी हात थांबवून त्या पिंपांकडे बघत बसल्या.

"नदीला नेऊया," त्या म्हणाल्या.

"मावशी, नदीचं पाणी..."

"मला म्हाईत न्हाय व्हय नदीचं पाणी? मग काय करू सांग. खाऊ हे?"

रिक्षावाला ओली पिंपं घेईना. शेवटी वस्तीतल्या एकाच्या हातगाड्यावर घातली आणि पंचगंगेवर नेली. उन्हाळ्यातली नदी. पाणी जागेवर उभं, कडेला जलपर्णी, कुणी म्हशी धूत होतं. मावशी गुडघाभर पाण्यात शिरून जरा आत, जिथे त्यातल्या त्यात बरं वाटलं तिथे, चादरी खळबळत राहिल्या. मी पिळायला. त्यांचा राग माझ्यावर असता तर मला बरं झालं असतं. त्या नुसत्या घाईत होत्या.

दुपारी वाळवून घड्या घालून त्या घेऊन गेल्या. मी बरोबर गेले, म्हटलं मी समजावून सांगते. प्रसूतिगृहाच्या मागच्या दाराशी सिस्टरबाईंनी वरची घडी उचलली, नाकाशी नेली. खाली ठेवली. दुसरी उचलली.

"कुठं धुतल्या?"

मीच बोलायला लागले, की नोटीस, की कमी दाब, की कॉलनीतल्या मोटारी. सिस्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग मावशींनाच म्हणाल्या, "मावशी, तुम्ही लेखी दाखवलं होतं मला."

"व्हय."

"बाळांच्या अंगाला हे लावू का मी? तुम्ही सांगा."

"नका लावू," मावशी म्हणाल्या.

त्या दिवसापासून गठ्ठा लॉन्ड्रीला गेला. भांडण झालं नाही, कुणी ओरडलं नाही. परत येताना मावशी रस्त्याच्या कडेने चालत होत्या आणि मी जरा मागे. पेठेच्या वळणावर म्हणाल्या, "तू जा घरला. उन्हं लई हाईत."

त्या आठवड्यात मी लिहिलेलं पत्रक संघटनेच्या इतिहासातलं सगळ्यात जहाल असेल. पाणीचोर हा शब्द मी इतक्यांदा वापरला की सरांनी निम्मे खोडले. पथक आलं, चार मोटारी उचलल्या, फोटो पेपरात आला. नंतर दंड भरून मोटारी परत गेल्या. कॉलनीतल्या लोकांनी माझ्यावर राग धरला नाही. रस्त्यात भेटले की विचारायचे, "पुढची नोटीस कधी?"

आणि पुढची आली. पावसाळ्याच्या तोंडाला. मी फोटो काढले, या वेळी ट्यूबलाईट टाळून, काचेला तिरपा मोबाईल धरून. सगळी अक्षरं स्वच्छ. बुधवारी बंद, गुरुवारी अमुक ते अमुक कमी दाबाने. मी रकाने आखले आणि तिसऱ्यापाशी थांबले.

"सर, वेळ घालायची का?"

सरांनी स्क्रीनवरचा फोटो खालपर्यंत वाचला. मग म्हणाले, "फोटोत आहे ती."

"मला माहीत आहे फोटोत आहे."

"मग कॉलनीत वाटू नकोस. वस्तीतच वाट."

"ते फलकावर आहे. कॉलनीतला कुणीही जाऊन वाचेल. आता त्यांना वाचायची सवय लागलीय."

"मग वेळ काढून टाक."

"मग वस्तीतल्यांना कोण सांगणार?"

सर म्हणाले, "तू ठरव." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला ठरव म्हटलं आणि नेमकं हे ठरवायला दिलं. मी कॉम्प्युटरसमोर बसून राहिले. वेळ काढली तर मीही पाणीखात्यासारखीच, लोकांना काय कळावं ते मी ठरवणार. वेळ ठेवली तर मोटारींना आमंत्रण. यातून तिसरी वाट निघत असेल तर ती मला सापडली नाही. मोटारी बंद व्हायला हव्यात, हे मी पत्रकात लिहू शकत होते. तक्त्यात नाही. तक्त्यात मोटारींसाठी रकाना नव्हता.

मी वेळ ठेवली.

झेरॉक्स होऊन आल्या, गठ्ठे बांधत होते, तेव्हा जिन्यावर मावशी. बऱ्याच दिवसांनी. चेहऱ्यावर विशेष काही नाही. आल्या त्या बसल्याच.

"कशा आहात मावशी?"

"हाय की. काम लागलंय."

"कुठं?"

"खालच्या कालनीत. भांडी आन फरशी. चांगली हाईत माणसं. चहा देत्यात." त्यांनी गठ्ठ्याकडे पाहिलं. "ह्यो नवा का?"

"व्हय. वस्तीत संध्याकाळी लावतो."

"वस्तीत लाव. पर मला एक आत्ताच दे. बाईसाठी. त्यांचा आधीचा फाटला, त्या म्हणाल्या तुमच्या वळखीतलीच पोरगी हाय न्हवं, आणा एक." त्या जरा थांबल्या. "बाई उठत न्हाईत तेवढ्या लवकर. मोटारीचं बटन मलाच दाबाय लागतंय."

सरांनी वर्तमानपत्र वर धरलं.

"न्हाय दाबलं तर दुसरी ठिवतील," मावशी म्हणाल्या. कुणी विचारलं नव्हतं. "आन मी एकटीनं न्हाय दाबलं म्हणून वर काय पाणी येतंय व्हय?"

मी गठ्ठ्यातून एक कागद काढून दिला. त्यांनी तो उघडून बघितला. वाचता येत नव्हतं फारसं, पण आकडे येत होते. कॉलनीच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं, ती कुठली हे मला विचारून, आणि बोट उजवीकडे तिसऱ्या रकान्यापर्यंत नेलं. वेळ दोनदा म्हणून घेतली. मग आपल्या वस्तीची ओळ कुठली ते विचारलं, तिथेही बोट उजवीकडे नेलं आणि तीच वेळ वाचली.

"सारखंच हाय की," त्या म्हणाल्या, आणि कागदाची घडी घालून कमरेला खोचली.